बंद घराची वीस युनिटं

बंद घरात वीस युनिटं जळली कशी, हे अक्कांनी मला विचारलं तेव्हा माझ्या हातात पुण्याहून आणलेली चकल्यांची पिशवी होती. चकल्या त्यांच्यासाठीच होत्या. दिवाळीचा पंधरवडा पुण्यात काढून आदल्या रात्रीच आम्ही बेंगळुरूला परतलो होतो आणि शनिवारी सकाळी मी हसत हसत खाली गेले होते, फराळ द्यायला. अक्का जिन्याखाली मीटरसमोर उभ्या होत्या. चष्मा नाकावर, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी पिशवी घेतली, बाजूला स्टुलावर ठेवली आणि म्हणाल्या, "अगं पोरी, तुम्ही इथं नव्हता नव्हं? मग हे काय म्हणायचं?"

अक्का म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. मूळच्या निपाणीकडच्या, पण दोन पिढ्यांपासून बेंगळुरूत. बनशंकरीत त्यांचं दोन मजली घर. खाली त्या एकट्या, वर आम्ही भाडेकरू. त्यांचं मराठी ऐकायला मला फार आवडायचं, मध्येच 'स्वल्प' म्हणायच्या, म्हणजे थोडं, मध्येच 'सरी', म्हणजे ठीक. मात्र वीजबिलाच्या बाबतीत अक्का म्हणजे खाष्ट सासूच. घराला सरकारी मीटर एकच. त्याच्या शेजारी आमच्या मजल्यासाठी त्यांनी कुठूनतरी जुनं एक पोटमीटर आणून बसवलं होतं. त्याचा आकडा बघून आम्ही दर महिन्याला त्यांना पैसे द्यायचो. निघायच्या दिवशी आकडा बघून हिशेब चुकता केला होता. आता त्यात वीस युनिटांची भर पडली होती.

मी म्हटलं, "अक्का, काहीतरी चुकतंय. आम्ही सगळं बंद करून गेलो होतो."

आणि ते खरंच होतं, निदान आम्हाला तसं वाटत होतं. माझा नवरा म्हणजे या बाबतीत अस्सल पुणेकर. गावाला निघताना फ्रिज रिकामा करून, बंद करून, दार फटीला चप्पल लावून उघडं ठेवणार. गॅस बंद. गीझर बंद. पंखे बंद. दिवे तर दोनदा बघणार. मग शेवटी सोफ्यावर टेकून रिमोटनं टीव्ही बंद करणार आणि म्हणणार, "चला." रिक्षा खाली ठणाणा करत असली तरी हा कार्यक्रम पुरा होणार. अक्कांनाही हे ठाऊक होतं, कारण फ्रिजच्या दाराला चप्पल लावतात यावर त्या मनमुराद हसल्या होत्या.

"तुम्ही बंद केलं हो," अक्का म्हणाल्या. "पण किल्ली कुणाकडं होती?"

तेव्हा मला उमगलं, बोलणं कुठे चाललंय ते.

किल्ली आमच्या कामवालीकडे होती. तुळशीला आणि गॅलरीतल्या चार कुंड्यांना पाणी घालायला. मी तिला बाई म्हणायचे, ती मला अम्मा. ती कन्नड बोलायची, मी मोडकीतोडकी हिंदी, आणि मधल्या जागी हातवारे. तरी आमचं उत्तम जमायचं. गल्लीतल्या चार घरांत ती भांडी आणि केरवारे करायची आणि चारही घरं तिला अक्कांच्या शब्दावर मिळालेली. तिचा नवरा कोपऱ्यावर हातगाडीवर कोळशाची इस्त्री करायचा.

इथंच सगळं अडलं. अक्कांनी मनात खटला चालवून निकालसुद्धा लिहून ठेवला होता. कोळसा महागलाय. वर तुमची विजेची इस्त्री आहे. घर रिकामं. ही बया रोज वर जायची ती लवकर खाली यायची नाही. एकदा तर तास उलटून गेला. चार कुंड्यांना पाणी घालायला तास लागतो? गिऱ्हाइकांचे कपडे वर नेऊन इस्त्री करत होती, दुसरं काय!

"तुम्ही बघितलं का तिला कपडे नेताना?" मी विचारलं.

"बघायला कशाला पाहिजे? मीटर बघतंय की!"

मी चिडले. मला चिडायला वेळ लागत नाही, हे माझ्या ओळखीतला कुणीही सांगेल. मी म्हटलं, मीटर खोटं बोलत असेल. अक्का म्हणाल्या, तीन वर्षांत बोललं नाही ते आताच बोललं होय? मी तरातरा वर आले आणि सगळं नवऱ्याला सांगितलं. वाटलं, हा तरी आपल्या बाजूनं बोलेल. हा बाबा चहाचा कप हातात धरून दोन मिनिटं छताकडे बघत बसला आणि म्हणाला, "इस्त्री हजार वॅटची आहे. म्हणजे तासाला एक युनिट. वीस युनिटं म्हणजे वीस तास. पंधरा दिवस, रोज सव्वा-दीड तास. हिशेब जुळतोय गं."

"इस्त्री सतत ओढते का वीज? तापली की तिचा दिवा जातो ना?"

"मग दोन तास धर."

असा राग आला म्हणून सांगू! माणूस कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करतो म्हणून प्रत्येक गोष्ट जुळली की खरी होते का? पण मनात कुठेतरी मलाही चावायला लागलं. आकडे असे गप्पकन जुळले की माणूस शेपूट घालतो. मी कपाट उघडून इस्त्री काढली. वायर मी गुंडाळते तशीच, आठच्या आकड्यात, गुंडाळलेली. पण वायर गुंडाळता कुणालाही येते. ती तरी मी कुणापुढे पुरावा म्हणून धरणार होते?

दुपारी बाई कामाला आली, तेव्हा अक्कांनी तिला जिन्याखालीच गाठलं. मी वरून आवाज ऐकला आणि धावत खाली गेले. शेजारच्या घरातल्या दोघी फाटकाशी उभ्या राहून ऐकत होत्या. अक्का कन्नडमध्ये बोलत होत्या, झरझर, मला त्यातलं इस्त्री आणि करंट एवढंच कळलं. बाई एकच वाक्य म्हणत होती. "नानल्ला अम्मा." मी नाही. आधी अक्कांकडे बघून, मग त्या दोघींकडे बघून, मग माझ्याकडे बघून. पदरानं तोंड पुसून ती तशीच परत फिरली, आमची भांडी तशीच ठेवून.

अक्का मला म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी भजनाला चारही घरच्या बायका येतात. तिथं सांगून टाकते. सोमवारपासून कुणी दारात घ्यायला नको. चोरी ती चोरी, करंटची काय आणि साखरेची काय."

म्हणजे मुदत एका दिवसाची. चारही घरं गेली की बाईची कमाई शून्य, आणि वर कपाळावर चोरीचा शिक्का. या गल्लीत काय, पलीकडच्या गल्लीतसुद्धा तिला कुणी उभं केलं नसतं. बायकांचं भजन म्हणजे त्या भागातलं वर्तमानपत्रच होतं.

नवऱ्यालाही ते ऐकून चुटपूट लागली. तो तसा वाईट नाही, नुसता शिष्ट आहे. म्हणाला, "आपण नीट तपासू. घरातलं आणखी काय वीज खात असेल ते एकेक करून बघू." लगेच उठून त्यानं सगळ्या घरातल्या पिना उपटल्या. फ्रिजसुद्धा. मग तो खाली मीटरपाशी उभा आणि मी वर. अक्का स्टूल घेऊन जिन्याखाली बसल्या, साक्षीदार म्हणून. मीटरच्या काचेआड एक ॲल्युमिनियमची चकती असते, तिच्या कडेला काळी खूण. वीज वापरली की चकती फिरते. जितकी जास्त वीज, तितकी जोरात. त्या फेऱ्यांवरूनच आकडा पुढे सरकतो.

आता आमच्याकडे काय काय होतं ते सांगते, म्हणजे तेव्हाच्या काळातलं श्रीमंतीचं सोंग कळेल. रिमोटचा रंगीत टीव्ही. त्याच्याखाली स्टॅबिलायझर, कारण त्या भागात व्होल्टेज कधी वर तर कधी खाली. व्हीसीआर. गच्चीवर नवऱ्याच्या हौसेची भली मोठी डिश आणि टीव्हीशेजारी त्या डिशचा डबा, कारण आमच्या गल्लीत केबलवाला अजून पोचला नव्हता. बिनवायरचा फोन, त्याची बैठक. वीज जाते म्हणून इमर्जन्सी दिवा, कायम लावलेला. वॉकमनच्या सेलचा चार्जर. आणि नवऱ्याला ऑफिसनं नव्यानंच दिलेला मोबाइल, त्याचाही चार्जर, विटेएवढा. मोबाइलला एक चार्जर घरी होता आणि एक ऑफिसात. घरचा भिंतीतच असायचा.

"टीव्ही!" खालून नवरा ओरडला.

मी टीव्हीची पिन लावली. लाल दिवा लागला. पडदा काळाच.

"लावला!"

मग खालून, "हलत नाही! काढ! स्टॅबिलायझर!"

"लावला!"

"हलत नाही! काढ! व्हीसीआर!"

असं करत करत फोन झाला, इमर्जन्सी दिवा झाला, सेलचा चार्जर झाला, मोबाइलचा झाला. चकती ढिम्म. डिशच्या डब्याला तेवढी जरा हलली, बोटभर सरकली आणि परत थबकली. नवऱ्यानं वर येऊन निकाल सांगितला, "यातलं काहीच नाही." अक्का खालूनच म्हणाल्या, "मी काय म्हणत होते?" आणि स्टूल उचलून आत गेल्या.

ती संध्याकाळ मी घरभर फिरत काढली. गॅलरीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून गॅलरी. नवरा म्हणाला, "बस ना जरा एका जागी." मी म्हटलं, "तूच बस." कोपऱ्यावरच्या हातगाडीचं छप्पर गॅलरीतून दिसायचं. तो माणूस नेहमीसारखा इस्त्री फिरवत होता, पण मान वर करत नव्हता. त्याच्या गाडीखाली कोळशाचं पोतं होतं. चोरून विजेवर इस्त्री करणाऱ्याला एवढे कोळसे कशाला लागतात, असं मला वाटलं. पण अक्कांना हे सांगून उपयोग नव्हता. त्या म्हणाल्या असत्या, दाखवायला ठेवलेत.

रविवारी सकाळी तुंबलेली भांडी मीच घासायला घेतली, आदळआपट करत. ताटं लावायला वरच्या फळीकडे गेले आणि थबकले. माझी तांब्याची सगळी भांडी, पाण्याचा हंडा, दोन कळश्या, पूजेचं ताम्हन, लखलखत होती. जाताना काळवंडलेली होती ती. दिवाळी पुण्यात आहे म्हणून मीच त्यांना हात लावला नव्हता. बाईनं चिंच लावून घासून ठेवली होती, न सांगता. तास लागला म्हणे तिला! मग लागणारच की. एवढा हंडा घासायला तास नाही तर काय लागणार?

मला रडूच फुटलं. पण रडत बसण्याचा माझा पिंड नाही. हात तसेच ओले, मी तावातावानं बाहेरच्या खोलीत आले, नवऱ्याला हंडा दाखवायला. तो पेपर वाचत होता. त्यानं तपासणीनंतर टीव्हीकडच्या आणि मोबाइलच्या पिना परत लावून टाकल्या होत्या. हंडा कुठे ठेवावा म्हणून मी डिशच्या डब्यावर हात टेकला, आणि तो कोमट होता.

"तू टीव्ही बघत होतास?"

"छे, कालपासून बंद आहे."

मी स्टॅबिलायझरला हात लावला. तोही कोमट. कान लावला तर आत बारीक घूं घूं चाललेलं. मग मोबाइलच्या चार्जरकडे गेले. मोबाइल टेबलावर पडलेला, चार्जर भिंतीत एकटाच, वायर लोंबकळत होती. त्याच्या पाठीवर हात ठेवला तर चपाती डब्यात ठेवल्यावर डबा जेवढा गरम लागतो तेवढा गरम.

"अरे, बंद वस्तू गरम कशी असेल?"

"थोडी वीज जातेच गं त्यात. रिमोटची वाट बघायला आतला भाग चालू राहतो. चार्जरमध्येही गुंडाळी असते, ती जोडलेली असते तोवर थोडं खाते. पण ते नगण्य असतं. काल बघितलंस ना? एकेक करून तपासलं."

"एकेक करून का तपासलं?"

"म्हणजे? तसंच तपासतात."

"आपण गेलो तेव्हा एकेक लावून गेलो होतो का? सगळं एकदम लावून गेलो होतो. आमटीत मीठ किती ते एकेक दाणा चाखून बघशील का? जसं होतं तसं लाव!"

तो काहीतरी बोलणार होता, पण माझ्या हातात हंडा होता. निमूटपणे उठला. टीव्ही लाल, व्हीसीआरवर हिरवा चार शून्यांचा आकडा, कारण त्याचं घड्याळ आम्ही जन्मात लावलं नव्हतं. डबा, स्टॅबिलायझर, फोन, इमर्जन्सी दिवा, दोन्ही चार्जर, सगळं लावलं. फ्रिज बंद. एकही दिवा नाही, एकही पंखा नाही. घर अगदी गावाला गेल्यासारखं करून आम्ही दोघं खाली उतरलो.

चकती फिरत होती.

हळू, पण न थांबता. काळी खूण डावीकडून आली, काचेसमोरून गेली, मागे गेली, आणि आम्ही बघत राहिलो तोवर परत आली. नवऱ्यानं घड्याळ लावलं. एका फेरीला दोन मिनिटांच्या आत-बाहेर. मीटरच्या पाटीवर एका युनिटाला किती फेऱ्या ते छापलेलं असतं, सहाशे होत्या. त्यानं तिथंच भिंतीला टेकून हिशेब केला. दिवसाला सव्वा युनिट. पंधरा दिवसांचे एकोणीस-वीस.

"अरे देवा," तो म्हणाला. आणि मग त्याचा चेहरा पडला. "मीटर जुनं आहे. चकती जागची हलवायलाच थोडा जोर लागतो. एकट्या चार्जरमध्ये किंवा एकट्या टीव्हीत तेवढा जोर नाही, म्हणून काल हलली नाही. सगळ्यांचा मिळून आहे."

"म्हणजे तुझ्या एकेक करून तपासण्यानं त्या बाईला फाशी दिली असती."

मी पुढचं बोलून टाकलं, कारण हिशेब खात्यात नोकरी करणारी मी होते, आणि हा हिशेब अर्धा सोडणं मला जमेना. आपण गावाला असो नसो, टीव्ही बघतो ते तास सोडले तर हे सगळं दिवसरात्र असंच बसून खाणार. वर्षाला सव्वाचारशे-साडेचारशे युनिटं. तेव्हाच्या दरानं अकराशे-बाराशे रुपये. बाईला आम्ही महिन्याला दोनशे द्यायचो. म्हणजे तिच्या सहा महिन्यांच्या पगाराएवढे पैसे आम्ही रिमोटची वाट बघणाऱ्या दिव्यांना देत होतो, आणि चोर ती!

अक्कांना हाक मारली. त्या आल्या, चकती बघितली. पहिल्यांदा म्हणाल्या, फ्रिज असेल. फ्रिज बंद आहे म्हटल्यावर म्हणाल्या, वर कुणीतरी दिवा लावला असेल. मग मीच म्हटलं, "वर चला, अक्का. तुमच्या डोळ्यांनी बघा." गुडघ्यांमुळे त्या कधी जिना चढायच्या नाहीत. त्या दिवशी चढल्या, कठड्याला धरून, पायरीपायरीला माझ्याकडे रागानं बघत. वर येऊन खोलीच्या मध्यभागी उभ्या राहिल्या. मी पडदे ओढले. अंधाऱ्या खोलीत ते दिवे एकदम दिसले. टीव्हीचा लाल. डब्याचा लाल. स्टॅबिलायझरचा लाल. फोनचा. इमर्जन्सी दिव्याचा. सेलच्या चार्जरचा. अक्का एकेक बघत गेल्या आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"आता भिंतीवरची बटणं बंद करतो," नवरा म्हणाला. त्यानं खटाखट सगळी बटणं पाडली. दिवे गेले. व्हीसीआरची शून्यं गेली. मी जिना उतरून मीटरपाशी पोचले तोवर चकती थांबलेली होती, काळी खूण काचेच्या एका बाजूला. मी वरती ओरडून सांगितलं.

वर आले तेव्हा अक्का सोफ्यावर बसल्या होत्या. माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलत असल्यासारख्या म्हणाल्या, "तिनं मला सांगितलं होतं की गं."

"काय?"

"तुम्ही गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. वरनं खाली आली आणि म्हणाली, अक्का, वर लाल दिवे जळतायत, तसेच राहू देऊ का काय करू? मी म्हटलं, तुला काय करायचंय, कशाला हात लावू नको. मोठ्या माणसांच्या वस्तू." त्यांनी पदर सारखा केला. "हात लावू नको म्हटलं मीच."

इतका वेळ भांडायला तोंड शिवशिवत होतं, आणि आता समोर भांडायला कुणी उरलंच नाही. मी चहा टाकला. अक्का चहा न पिताच उतरून गेल्या. थोड्या वेळानं खालून खट खट आवाज आला. त्या आपल्या घरातली बटणं बंद करत होत्या.

संध्याकाळच्या भजनात त्या चोरीबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. बाईनं चोरी केली नाही, असंही बोलल्या नाहीत. फाटकाशी ऐकायला उभ्या असलेल्या त्या दोघीही होत्या भजनात. मी अक्कांकडे डोळे वटारून बघितलं, त्या टाळ वाजवत राहिल्या. मीच मग त्या दोघींना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. दोघींनी ऐकलं, पण असं की जणू घरच्या नळाची गोष्ट चाललीय. आरोप चटपटीत होता, खुलासा अळणी. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर जाऊन बाईच्या नवऱ्यालाही मीच निरोप दिला, बायकोला उद्या पाठव म्हणून. त्यानं मान डोलावली.

सोमवारी बाई आली. अक्कांनी तिला दारातच स्टीलच्या पेल्यात कॉफी दिली. माफी म्हणून शब्द अक्कांना येत नव्हता, ना मराठीत ना कन्नडमध्ये. बाईनं कॉफी प्यायली, पेला धुऊन पालथा घातला आणि वर आली. मी तिला तांब्याची भांडी दाखवून म्हटलं, छान केलीस. ती नुसती हसली. त्यानंतर काम नेहमीसारखं करायची, पण टीव्हीच्या मांडणीवरची धूळ काही पुसायची नाही. मी एकदा म्हटलं, तिथं पण पूस ना. ती म्हणाली, "बेडा अम्मा." नको. पुसायला लागू नये म्हणून फडकं हातात घट्ट धरून उभी राहिली. मग तिथलं मीच पुसायला लागले.

संक्रांतीला आम्हाला पुन्हा पुण्याला जायचं होतं. रिक्षा दारात, नवऱ्याचा कार्यक्रम चालू. आता त्यात भिंतीवरच्या बटणांची भर पडली होती. फ्रिजच्या दाराला चप्पल लागली. मी किल्ली घेऊन खाली गेले. बाई जिन्याखाली उभी होती. किल्ली पुढे केली, तर तिनं दोन्ही हात मागे घेतले.

"काय झालं?" मी विचारलं.

ती मीटरकडे वळली. काचेजवळ तोंड नेऊन बघत राहिली. बराच वेळ. रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. नवरा बॅगा घेऊन उतरला आणि कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला हातानंच गप्प केलं.

"निंतिदे," बाई म्हणाली. थांबलंय.

मला वाटलं, झालं. मी किल्ली पुन्हा पुढे केली. तिनं नकारार्थी मान हलवली आणि अक्कांच्या दारावर टकटक केली. अक्का बाहेर आल्या. बाई नुसती मीटरच्या समोरून बाजूला सरकली, त्यांना जागा करून देत, आणि हात बांधून उभी राहिली.

अक्कांनी तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. फाटकाकडे बघितलं, तिथं शेजारची एकजण रिक्षाचा आवाज ऐकून डोकावत होतीच. मग त्या आत गेल्या. मला वाटलं, रागावून गेल्या, आता ही किल्ली काही घेत नाही आणि तुळस काही जगत नाही. पण त्या चष्मा आणायला गेल्या होत्या. चष्मा लावून मीटरसमोर वाकल्या, चकती बघितली, आकडा बघितला आणि फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात आकडा वाचून दाखवला.

"सरी," त्या म्हणाल्या. "थांबलंय."

तेव्हा बाईनं हात पुढे केला आणि माझ्याकडून किल्ली घेतली.